प्रोग्रामने मार्केट, लिमिट की स्टॉप: आपोआप जाणाऱ्या ऑर्डरीचा मूळ प्रकार कोणता ठेवावा

शेअर बाजारात प्रोग्रामकडून ऑर्डरी टाकून घ्यायच्या असतील, तर ऑर्डरीचा मूळ प्रकार लिमिट ठेवावा. मात्र शेवटच्या भावाला लावून वाट बघत बसणारी लिमिट कामाची नाही. समोरच्या बाजूशी लगेच सौदा होईल इतकी ती पुढे हवी, आणि ठरवलेल्या हद्दीपलीकडे एक पैसाही जाऊ नये. नुकसान रोखायला स्टॉप लावायचा असेल तर तोही एसएल असावा, म्हणजे ट्रिगर आणि लिमिट असे दोन्ही भाव असलेला. मार्केट ऑर्डर प्रोग्रामला मूळ पर्याय म्हणून देऊ नये.

हा लेख एनएसईच्या रोख बाजारात, ब्रोकरच्या एपीआयमार्फत काहीशे शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी आहे. मुंबईत असे प्रोग्राम चालवणारे बरेचजण नोकरदार आहेत. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा ते लोकलमध्ये असतात. मोबाइलवर आलेली सूचना त्यांना अर्ध्या तासाने दिसते. म्हणून पुढचा सगळा विचार एकच गोष्ट धरून केला आहे: ऑर्डर जाते त्या क्षणी पडद्यासमोर कोणीही नाही.

प्रत्येक ऑर्डर बाजाराला काय सांगते

एनएसईच्या यंत्रणेत प्रत्येक शेअरचं ऑर्डर बुक असतं. एका बाजूला घेणाऱ्यांचे भाव, दुसऱ्या बाजूला विकणाऱ्यांचे. ज्याचा भाव चांगला त्याचा नंबर आधी. भाव सारखाच असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली त्याचा.

मार्केट ऑर्डर म्हणते, एवढे शेअर हवेत, भाव काहीही चालेल. समोर माल असेल तर तो नक्की मिळतो, पण कितीला मिळेल हे बुकात त्या क्षणी काय आहे त्यावर ठरतं. लिमिट ऑर्डर म्हणते, या भावापर्यंत घेईन, त्याच्या वर नाही. भाव हातात राहतो, पण माल मिळेलच असं नाही. इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यावर उभी आहे. विकणारा ४१२.५० ला बसला असेल आणि तुम्ही खरेदीची लिमिट ४१३.७० ची टाकली, तर सौदा ४१२.५० ला होतो. लिमिट ही कमाल हद्द आहे. तेवढेच पैसे मोजायची तयारी आहे म्हणून तेवढे मोजावे लागत नाहीत.

स्टॉप ही वरच्या दोन्हींवर लावलेली अट आहे. शेवटचा सौदा ट्रिगर भावाला पोचेपर्यंत ऑर्डर बाजूला पडून राहते आणि मुख्य बुकात दिसत नाही. ट्रिगर लागला की ती बुकात येते. येताना लिमिट होऊन आली तर ती एसएल, मार्केट होऊन आली तर एसएल-एम. बहुतेक एपीआयमध्ये हे चार प्रकार `order_type` मध्ये `MARKET`, `LIMIT`, `SL` आणि `SL-M` असे लिहितात. `SL` ला `trigger_price` आणि `price` दोन्ही द्यावे लागतात.

सहाशे शेअरची खरेदी, तीन प्रकारांनी

फार उलाढाल नसलेला एखादा मध्यम शेअर घ्या. सर्वात वरचा खरेदीदार ४१२.१० ला आहे, सर्वात खालचा विक्रेता ४१२.५० ला. मधला भाव ४१२.३०. प्रोग्रामला ६०० शेअर घ्यायचे आहेत. विक्रीच्या बाजूच्या पाच पायऱ्या अशा:

| विक्रीचा भाव | शेअर |
|---|---|
| ४१२.५० | ८० |
| ४१२.९० | १२० |
| ४१३.६० | १०० |
| ४१५.०० | १५० |
| ४१८.७५ | ४०० |

मार्केट ऑर्डर पहिल्या चार पायऱ्या पूर्ण उचलते आणि उरलेले १५० शेअर ४१८.७५ ला घेते. एकूण २,४८,९७०.५० रुपये, सरासरी सुमारे ४१४.९५. मधल्या भावाने हेच शेअर २,४७,३८० ला पडले असते. म्हणजे ऑर्डरीच्या प्रकारापायी १,५९०.५० रुपये, साधारण ०.६४ टक्के, जास्त गेले. ब्रोकरेज आणि कर यांच्याशी याचा संबंध नाही. काँट्रॅक्ट नोटमध्येही हा खर्च वेगळा दिसत नाही, म्हणून महिनोन्महिने तो लक्षातच येत नाही.

आता साधी लिमिट, ४१२.३० ला. ती बुकात जाऊन बसते. भाव वर गेला तर एकही शेअर मिळत नाही. भाव खाली आला तर सगळे मिळतात, आणि नेमके पडत्या बाजारात मिळतात. माणूस स्वतः पडद्यासमोर बसून अशी ऑर्डर हवी तशी सरकवू शकतो. देखरेखीविना चालणाऱ्या प्रोग्रामकडे मात्र चढणाऱ्या शेअरमधल्या खरेद्या हुकत राहतात आणि पडणारे तेवढे गोळा होतात. कागदावर नफा दाखवणारी पद्धत प्रत्यक्षात तोट्यात जाते तेव्हा सर्वात आधी इथे पाहावं.

तिसरा प्रकार आपला. सर्वात स्वस्त विक्रेता ४१२.५० ला आहे. त्याच्या वर जायला ०.३ टक्के सूट धरली तर ४१३.७३ येतात. या भावपट्ट्यात शेअरचा भाव ५ पैशांच्या टप्प्याने हलतो, म्हणून खाली उतरवून ४१३.७०. ही लिमिट `IOC` वैधतेने टाकायची: जेवढं लगेच मिळेल तेवढं घ्या, उरलेलं तिथल्या तिथे रद्द. पहिल्या तीन पायऱ्यांतले ३०० शेअर १,२३,९०८ रुपयांना येतात आणि ४१५ व ४१८.७५ च्या पायऱ्यांना हात लागत नाही.

उरलेल्या ३०० साठी प्रोग्राम वीस सेकंद थांबतो आणि बुक पुन्हा वाचतो. बऱ्याच शेअरमध्ये तेवढ्या वेळात नवे विक्रेते येऊन बसतात. समजा आता ४१२.८० ला १४०, ४१३.२० ला ११० आणि ४१३.९० ला ९० शेअर आहेत. नवी लिमिट ४१४.०० निघते आणि ३०० शेअर १,२३,९३९ रुपयांत पूर्ण होतात. एकूण खरेदी २,४७,८४७ ची, सरासरी ४१३.०८. मार्केट ऑर्डरीपेक्षा १,१२३.५० रुपये कमी.

विक्रेते परत आलेच नसते आणि भाव ४१६ वर गेला असता, तर? म्हणूनच पहिल्या ऑर्डरीआधी एक अंतिम हद्द ठरवून ठेवायची. इथे ती मूळ मधल्या भावाच्या ०.५ टक्के वर, म्हणजे ४१४.३५ धरू. प्रत्येक फेरीत ०.३ टक्क्यांची सूट नव्या विक्री भावावरून मोजली जाते, पण ४१४.३५ ही हद्द बदलत नाही. ती बदलू दिली तर प्रोग्राम पळत्या भावामागे एकेक पायरी चढत राहतो आणि शेवटी मार्केट ऑर्डरीइतकंच महाग घेतो, फक्त जास्त वेळ लावून. हद्दीत ३०० च शेअर मिळाले तर ३०० वर समाधान मानायचं, नोंद करायची आणि थांबायचं.

भाव काढणं आणि टप्प्यावर बसवणं

भावाचा टप्पा सगळ्या शेअरना सारखा नाही. एप्रिल २०२५ पासून एनएसईवर तो भावपट्ट्यानुसार बदलतो: २५० रुपयांखालच्या शेअरना १ पैसा, २५० ते १,००० पर्यंत ५ पैसे, १,००० ते ५,००० पर्यंत १० पैसे, आणि पुढे आणखी मोठा. जुन्या प्रोग्राममध्ये सरसकट ५ पैसे लिहिलेले असतात आणि दीड हजाराच्या शेअरची ऑर्डर नाकारली जाते. म्हणून टप्पा कोडमध्ये पक्का लिहू नका. ब्रोकर रोज सकाळी जी शेअरची यादी देतो तिच्यातून तो वाचा.

दुसरी काळजी दशांशांची. भाव रुपयांत दशांश अपूर्णांक म्हणून ठेवले की ४१३.७० चे कधी ४१३.६९९९ होतात आणि खाली उतरवताना ४१३.६५ हाती येतात. सगळा हिशेब पूर्ण पैशांत करावा, रुपयांत फक्त पाठवताना आणावा.

```python
def limit_paise(side, best, bps, cap, tick):
    if side == "BUY":
        p = min(best * (10000 + bps) // 10000, cap)
        return p // tick * tick
    p = max(-(-best * (10000 - bps) // 10000), cap)
    return -(-p // tick) * tick
```

`best` म्हणजे समोरच्या बाजूचा सर्वोत्तम भाव, `bps` म्हणजे सूट, टक्क्याच्या शंभराव्या भागांत मोजलेली, `cap` म्हणजे अंतिम हद्द. `limit_paise("BUY", 41250, 30, 41435, 5)` चं उत्तर 41370 येतं. खरेदीत भाव खालच्या टप्प्यावर आणि विक्रीत वरच्या टप्प्यावर बसवला आहे, कारण टप्प्यावर बसवताना हद्द ओलांडली जाता कामा नये.

ऑर्डर पाठवण्याआधी आणि पाठवल्यानंतर

पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, समोर असलेला भाव ताजा आहे का. भावांचा प्रवाह मध्येच गोठतो आणि प्रोग्राम मिनिटभरापूर्वीच्या बुकावरून लिमिट काढतो, असं बऱ्याचदा होतं. भावासोबत आलेली वेळ दोन सेकंदांहून जुनी असेल तर ऑर्डर टाकूच नये. दुसरी, खरेदी आणि विक्रीच्या सर्वोत्तम भावांतलं अंतर. आपल्या उदाहरणात ते ४० पैसे, म्हणजे ०.१ टक्का होतं. ते अर्ध्या टक्क्यापलीकडे गेलं असेल तर बुक विस्कटलेलं आहे, थांबणं बरं. सकाळची पहिली पाच मिनिटं हे अंतर सर्वात बेभरवशाचं असतं, म्हणून घाई नसलेल्या प्रोग्रामने ९.२० नंतरच कामाला लागावं.

पाठवल्यानंतरचा खरा धोका असतो उत्तर न येण्याचा. ऑर्डर गेली, नेट तुटलं, दहा सेकंदांनी कोडमध्ये टाइमआउट आला. यातून ऑर्डर पोचली नाही असा अर्थ निघत नाही. ती पोचून पूर्णही झालेली असू शकते. इथे कोडने सरळ पुन्हा ऑर्डर पाठवली की ६०० चे १,२०० शेअर होतात. प्रत्येक ऑर्डरीसोबत `tag` मध्ये स्वतःची वेगळी खूण पाठवा. टाइमआउट आल्यावर आधी दिवसभराच्या ऑर्डरींची यादी मागवा आणि ती खूण शोधा. खूण सापडली तर तिची अवस्था वाचा. नाही सापडली तर काही सेकंदांनी पुन्हा बघा, आणि तेव्हाही नसेल तरच नवी पाठवा. यादीच मिळत नसेल तर प्रोग्रामने त्या दिवसापुरतं त्या शेअरमधलं काम थांबवावं.

`IOC` ची शिफारस करण्याचं मुख्य कारणही हेच आहे. `DAY` वैधतेची लिमिट टाकून प्रोग्राम बंद पडला, तर ती ऑर्डर साडेतीनपर्यंत बुकात जिवंत राहते आणि दुपारी कधीतरी, तुम्हाला नको असताना, पूर्ण होते. शिवाय `DAY` ऑर्डर रद्द करायला गेलात तर रद्द होण्याआधीच्या क्षणी तिचे काही शेअर मिळून जाऊ शकतात, आणि उरलेली संख्या चुकते. `IOC` चा निकाल तिथल्या तिथे लागतो. किती मिळाले हे `filled_quantity` मधून वाचायचं आणि पुढची फेरी तेवढ्यावरून ठरवायची. `IOC` रद्द होणं हा इथे नेहमीचा निकाल आहे, त्याला दोष समजून धोक्याची घंटा वाजवू नका. `REJECTED` मात्र कारणासकट नोंदवा.

स्टॉप: ट्रिगर आणि लिमिट यांत किती अंतर

६०० शेअर सरासरी ४१३.०८ ला आले. भाव ४०० पर्यंत उतरला तर बाहेर पडायचं ठरलं आहे. एसएल विक्रीत ट्रिगर ४०० झाला. लिमिट किती?

पुष्कळजण ३९९.९५ लिहितात, कमी भावाला विकलं जाऊ नये म्हणून. पण ट्रिगर लागतो तेव्हा भाव पडत असतो. ४०० चा सौदा झाला आणि पुढचा खरेदीदार ३९८.६० ला असेल, तर ३९९.९५ ची विक्री लिमिट बुकात नुसती लटकते आणि भाव तिला मागे टाकून खाली जातो. पडद्यावर स्टॉप लागल्याचं दिसतं, शेअर मात्र अजून तुमच्याच खात्यात असतात.

अंतर बुकाच्या खोलीवरून ठरवावं. शांत बाजारात ६०० शेअर एकदम उचलताना सरासरी ०.६४ टक्के सरकली आणि शेवटची पायरी मधल्या भावापासून जवळजवळ १.६ टक्के दूर होती. पडत्या बाजारात खरेदीची बाजू याहून विरळ होते. या शेअरसाठी निदान १.५ टक्के अंतर हवं, म्हणजे लिमिट ३९४.००. याचा अर्थ शेअर ३९४ ला विकले जातील असा नाही. ३९८.६० ला खरेदीदार असेल तर सौदा ३९८.६० लाच होईल. शांत दिवशी हे अंतर ठेवल्याने एक रुपयाही जात नाही.

मग अंतराची कटकट न करता एसएल-एमच का लावू नये? कारण ट्रिगर शेवटच्या सौद्यावर लागतो, आणि तो सौदा एकच शेअरचा, विचित्र भावाचाही असू शकतो. २० ऑगस्ट २०२१ ला निफ्टीच्या १६४५० च्या कॉल ऑप्शनचा भाव शंभर-सव्वाशेच्या आसपास असताना क्षणभर ८०० च्या वर सौदे झाले. ज्यांनी विकलेल्या कॉलवर एसएल-एम लावले होते त्यांचे ट्रिगर लागले आणि मिळेल त्या भावाला खरेदी झाली. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२१ पासून एनएसईने ऑप्शनमध्ये एसएल-एम बंद केला, आणि बीएसईने ९ ऑक्टोबर २०२३ पासून हा प्रकार बंद केला. म्हणजे `SL-M` ला मूळ पर्याय ठेवलेला प्रोग्राम बीएसईवर किंवा एनएसईच्या ऑप्शनमध्ये वापरलात, तर संरक्षणाची ऑर्डर सरळ नाकारली जाईल.

स्टॉप कुठे ठेवायचा, आणि सकाळी काय करायचं

काहीजण ट्रिगर बाजारात लावतच नाहीत. प्रोग्राम भाव बघत राहतो आणि ४०० आला की विक्री पाठवतो. यात विचित्र सौद्यांकडे दुर्लक्ष करता येतं, हा फायदा खरा आहे. पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज एकदम गेली, तेव्हा दोन्ही शेअर बाजार नेहमीसारखे चालू होते. घरातला संगणक आणि राउटर बंद पडले की प्रोग्रामच्या डोक्यातला स्टॉप नाहीसा होतो. एनएसईकडे पोचलेली एसएल ऑर्डर तिथेच राहते. देखरेख नसलेल्या प्रोग्रामसाठी आमचं मत स्पष्ट आहे: स्टॉप बाजारातच लावा.

तो फक्त त्या दिवसापुरता असतो, म्हणून शेअर हातात असेपर्यंत रोज सकाळी नव्याने लावावा लागतो. नऊ ते सव्वानऊच्या प्री-ओपन सत्रात स्टॉप ऑर्डर घेतली जात नाही, सव्वानऊनंतरच लावायची. इथेच एक सापळा आहे. समजा रात्री वाईट बातमी आली आणि शेअर ३८५ ला उघडला. प्रोग्राम ४०० ट्रिगरची एसएल विक्री पाठवतो. ट्रिगर आत्ताच्या भावाच्या वर असल्यामुळे ती नाकारली जाते. प्रोग्राम पुन्हा तीच पाठवतो, पुन्हा नाकारली जाते, आणि भाव घसरत असताना ६०० शेअर उघडे पडतात. म्हणून लावण्याआधी शेवटचा भाव बघायचा. तो ट्रिगरच्या खाली किंवा बरोबर असेल, तर स्टॉपचा विषय संपला; थेट बाहेर पडण्याची लिमिट पाठवायची.

डीमॅटमधले शेअर विकताना आणखी एक अडचण येते. ब्रोकरला डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढायची कायमची परवानगी, दिलेलं नसेल, तर विक्रीआधी डिपॉझिटरीच्या पानावर पिन आणि ओटीपी टाकून परवानगी द्यावी लागते. ते काम प्रोग्राम करू शकत नाही, आणि सकाळचा स्टॉप त्यापायी नाकारला जातो. डीडीपीआय आधीच देऊन ठेवा.

बाहेर पडताना हद्द कशी हलवायची

खरेदी हुकली तर संधी जाते, पैसे जात नाहीत. स्टॉपची विक्री हुकली तर दर मिनिटाला तोटा वाढू शकतो. म्हणून खरेदीत न हलणारी हद्द विक्रीत हलू द्यावी लागते, पण पायरीपायरीने आणि नोंद ठेवून.

एसएल ऑर्डर ट्रिगर लागेपर्यंत `TRIGGER PENDING` दाखवते. ट्रिगर लागल्यावर ती `OPEN` होते आणि सगळे शेअर विकले की `COMPLETE`. प्रोग्रामने लक्ष ठेवायचं ते `OPEN` वर. ही अवस्था पाच सेकंदांहून जास्त टिकली आणि शेअर उरले असतील, तर भाव लिमिटच्या खाली गेला आहे. समजा वरचा खरेदीदार आता ३९१ ला आहे. तीच ऑर्डर बदलून लिमिट त्याच्या १ टक्का खाली, म्हणजे ३८७.१० करायची. दहा सेकंदांनी पुन्हा बघायचं, शेअर उरले असतील तर नव्या खरेदी भावाच्या २ टक्के खाली, मग ३ टक्के. रद्द करून नवी टाकण्यापेक्षा बदल करणं सुरक्षित, कारण एकाच वेळी दोन विक्री ऑर्डरी जिवंत राहत नाहीत.

तीन बदलांनंतरही शेअर उरले तर प्रोग्रामने माणसाला कळवावं. अशा वेळी बहुधा शेअर लोअर सर्किटला, म्हणजे त्या दिवशी जाता येईल अशा सर्वात खालच्या भावाला, असतो आणि खरेदीची बाजू रिकामी असते. तिथे कोणत्याही प्रकारची ऑर्डर विकून देत नाही, मार्केटसुद्धा नाही. लिमिट सर्किटच्या भावाला लावून रांगेत राहणं एवढंच हाती उरतं. या टप्प्यावर `IOC` वापरू नये, कारण रांगेतला नंबर जातो.

स्टॉपची संख्या खरोखर मिळालेल्या शेअरशी जुळलेली हवी. खरेदी ३०० वर थांबली आणि स्टॉप ६०० चा गेला, तर डिलिव्हरीत तो नाकारला जाईल, आणि इंट्राडेमध्ये ३०० शेअरची नको असलेली शॉर्ट पोझिशन उभी राहील. नफ्याच्या भावाला विक्री झाली तरी आधी लावलेला स्टॉप रद्द झाला का, हे यादीत डोळ्यांनी दिसेपर्यंत काम पूर्ण समजू नये.

मार्केट ऑर्डर कुठे चालते

मोठ्या उलाढालीच्या शेअरमध्ये वीस-तीस शेअर घ्यायचे असतील, तर मार्केट आणि आपली लिमिट बहुतेक दिवशी एकाच भावाला पूर्ण होतात. त्यामुळे तिथे लिमिट वापरण्याची किंमत काहीच नाही आणि वाईट दिवशी ती वाचवते. ५ ऑक्टोबर २०१२ ला एका ब्रोकरकडून चुकून गेलेल्या ५९ ऑर्डरींनी ६५० कोटी रुपयांहून अधिकचे सौदे झाले, निफ्टी काही क्षणांत सुमारे १५ टक्के कोसळला आणि व्यवहार पंधरा मिनिटं थांबले. निफ्टीतले शेअर देशातले सर्वात जास्त उलाढालीचे शेअर आहेत, तरी त्या क्षणी बुक रिकामं झालं. विक्रीची मार्केट ऑर्डर तेव्हा रांगेत असती तर ती त्याच भावांना पूर्ण झाली असती.

आता काही ब्रोकर एपीआयवरून येणाऱ्या मार्केट ऑर्डरीवर स्वतःहून भावाची मर्यादा लावतात, किंवा तशी मर्यादा दिली नसेल तर ती घेतच नाहीत. त्याला ते मार्केट प्रोटेक्शन म्हणतात. असा ब्रोकर असेल तर त्याची टक्केवारी कुठून येते ते कागदपत्रात वाचा. ती टक्केवारी ब्रोकरने ठरवलेली असते आणि तुमच्या शेअरच्या बुकाशी तिचा संबंध नसतो.

सूट बरोबर आहे का, हे कसं ओळखायचं

०.३ टक्के हा आकडा उदाहरणातल्या शेअरसाठी होता. स्वतःच्या शेअरसाठी तो मोजून काढावा लागतो. प्रत्येक ऑर्डरीसोबत चार गोष्टी लिहून ठेवा: पाठवतानाचा मधला भाव, लिमिट, मिळालेले शेअर आणि सरासरी भाव. सुरुवातीला कमीत कमी शेअर ठेवून हे करा, पण मग संख्या वाढवाल तशी नोंद पुन्हा नव्याने तपासा, कारण दहा शेअरला पुरणारी सूट सहाशेला पुरत नाही.

पहिल्या फेरीत जवळजवळ सगळ्या ऑर्डरी पूर्ण होत असतील आणि सरासरी लिमिटच्या अगदी जवळ येत असेल, तर प्रोग्राम खोल पायऱ्या उचलतो आहे. सूट कमी करा किंवा ऑर्डर दोन-तीन भागांत तोडा. पहिल्या फेरीत सगळं पूर्ण होऊन सरासरी विक्रीच्या पहिल्या भावाजवळच राहत असेल, तर सूट वापरलीच जात नाही आणि तशीच ठेवायला हरकत नाही. निम्म्याहून जास्त ऑर्डरी अर्धवट राहत असतील, तर आधी भाव ताजे येतात का ते बघा. ते ताजे असतील तर प्रश्न सूटचा नाही, तेवढे शेअर त्या बुकात नसतातच, आणि तिथे संख्या कमी करावी लागते.